आठ दिवसांचं आमसूल, छत्तीस सेकंदांचा व्हिडिओ

कुडाळ तालुक्यातलं एक प्रातिनिधिक घर धरू. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चार झाडं आहेत. सासू-सून मिळून दर मे महिन्यात आमसुलं करतात. घरची गरज भागली की उरलेली पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या घरांना पाव किलोच्या पिशव्यांतून जातात. ओळखीबाहेरचं गिऱ्हाईक मिळावं म्हणून सुनेने फोनवर व्हिडिओ केला आणि दोन-तीन व्हॉट्सॲप गटांवर टाकला. पहिला व्हिडिओ पडला, दुसरा चालला. दोन्हींत फोन तोच होता, घर तेच होतं आणि मालही तसाच.

पहिला व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा होता. सुरुवातीला घराचं खळं, मग नमस्कार, मग झाडावरून फिरवलेला कॅमेरा. चाळिसाव्या सेकंदाला आमसुलं दिसली ती दुपारी बाराच्या उन्हात, पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेली. मागे कोकणी गाणं वाजत होतं. जे प्रश्न आले ते असे: "गेल्या वर्षीची आहेत का?", "इतकी काळी कशी?", "रंग घातलाय का?", "मीठ फार नाही ना?" माल तर आठ दिवसांपूर्वीच तयार झालेला. हे प्रश्न व्हिडिओने स्वतःच निर्माण केले होते. त्यामुळे दुसऱ्या वेळी सुरुवात याच प्रश्नांपासून झाली. एकेका शंकेला एकेक दृश्य ठरवलं आणि ज्या दृश्याने कुठलीच शंका फिटत नाही ते काढून टाकलं. खळं, झाड आणि नमस्कार अशा रीतीने गेले.

आधी "काळी कशी" हा प्रश्न घेऊ, कारण त्याचं कारण आमसुलात नसून कॅमेऱ्यात होतं. फोन समोरच्या सगळ्या चित्राचा उजेड सरासरीने मोजतो. चौकटीत बरंचसं पांढरं कापड असेल तर त्याला वाटतं की उजेड फार झाला, आणि तो सगळं चित्र गडद करतो. कापड राखाडी दिसायला लागतं आणि गडद जांभळं आमसूल कोळशासारखं काळं. जाणतं गिऱ्हाईक काळं, कडक आमसूल म्हणजे जुना माल असं मानतं, आणि ते बरोबरच आहे. व्हिडिओत नवा माल जुना ठरला तो इथे.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे कापड बदलणं. बांबूचं सूप किंवा रोवळी पिवळसर-तपकिरी असते, तिच्यावर आमसुलाचा लालसर जांभळा रंग उठून दिसतो आणि कॅमेराही गोंधळत नाही. दुसरा उपाय, पडद्यावर आमसुलावर बोट ठेवून दोन-तीन सेकंद दाबून धरणं. बहुतेक फोनांत त्यामुळे फोकस आणि उजेड तिथेच बांधले जातात. बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते किंचित वर सरकवलं की आमसुलाच्या सुरकुत्या दिसायला लागतात. सुरकुत्या दिसल्या की थांबायचं. त्याहून वर नेलं तर रंग फिका पडतो आणि मग "खरंच असा आहे का?" हा नवा प्रश्न उभा राहतो.

ताज्या रातांब्याचं नेमकं उलट होतं. पिकलेलं लाल फळ भर उन्हात घेतलं की फोनच्या कॅमेऱ्यात लाल रंग इतका भरतो की सालीवरचा पोत पुसला जातो आणि प्लॅस्टिकचं फळ असावं तसा सपाट लाल गोळा दिसतो. रातांबा नेहमी सावलीत घ्यावा, पडवीच्या कडेला, जिथे उजेड भरपूर आहे पण ऊन थेट पडत नाही. सूर्याचं चिन्ह थोडं खाली. चौकटीत स्टीलच्या भांड्याची कड किंवा पांढऱ्या पंचाचा कोपरा येऊ द्यावा. सगळी चौकट लालच असेल तर फोन रंगाचा तोल सावरायला जातो आणि लाल निळसर, मळकट होतो. राखाडी किंवा पांढरं काहीतरी दिसलं तर तो इतका भरकटत नाही.

वेळ सकाळी साडेआठ-नऊची. ऊन तिरकं असतं, सुरकुत्यांच्या बाजूला बारीक सावली पडते आणि आमसूल मऊ आहे हे डोळ्यांना कळतं. दुपारी ऊन डोक्यावर असतं, तेव्हा सगळं चपटं दिसतं.

आता या प्रकरणातली खरी अडचण. पापड किंवा लाडू एका दुपारी होतात, चित्रण त्याच दुपारी संपतं. आमसुलाला आठवडा लागतो. रातांबे धुऊन फोडायचे, बिया गरासकट वेगळ्या काढायच्या, त्या गरात मीठ घालायचं, की रस सुटतो. साल दिवसा उन्हात वाळवायची, संध्याकाळी त्याच रसात बुडवायची, सकाळी उपसून परत उन्हात. या घरात अशी सात पुटं देतात. कोणी पाच देतं, कोणी आठ. हे सात दिवस एकदाच येतात. तिसऱ्या दिवसाचं चित्रण राहिलं तर ते पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिलंच. माल तयार झाल्यावर कोणी व्हिडिओ करायला बसलं तर त्याच्या हाती फक्त शेवटची पिशवी असते, आणि "रंग घातलाय का" याला पिशवी उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याची जागा पक्की केली. दोन समान उंचीची स्टुलं, त्यांवर आडवी फळी, फळीच्या कडेबाहेर फोनचा कॅमेरा येईल असा फोन, पडदा वर ठेवून, आणि फोन घसरू नये म्हणून त्याच्या दुसऱ्या टोकावर कापडात गुंडाळलेला दगड. खाली पाटावर रोवळी, कॅमेऱ्यापासून साधारण दोन फुटांवर. पाटाच्या आणि स्टुलांच्या पायांभोवती खळ्याच्या जमिनीवर खडूने खुणा केल्या. सारवलेल्या जमिनीवर खडू पुसला जातो, तिथे चार खडे रोवून ठेवले तरी चालतं. रोज सकाळी नऊला साल उपसून रोवळीत पसरली की आठ सेकंदांचं एक चित्रण. त्यात हात नको, बोलणं नको.

असं केल्याने काय साधतं ते जोडल्यावर कळतं. पहिल्या दिवशीची फुगीर लाल साल, तिसऱ्या दिवशी कडा वळलेली, पाचव्या दिवशी जांभळी, सातव्या दिवशी आजच्या आमसुलासारखी. रोवळी तीच, जागा तीच, ऊन त्याच बाजूने. बदलतो फक्त माल. दोन-दोन सेकंदांचे हे चार तुकडे एकापुढे एक आले की रंग कुठून आला हे बोलून सांगावं लागत नाही. जागा हलली तर मात्र हा परिणाम जातो. रोवळी दोन बोटं सरकली तरी चित्र उडी मारतं आणि पाहणाऱ्याचं लक्ष उडीकडे जातं.

या घरात चौथ्या दिवशी ढग आले. मे महिन्याच्या शेवटी कोकणात हे व्हायचंच. त्या दिवशी साल पडवीत पंख्याखाली ठेवली. बुरशी धरू नये म्हणून ते गरजेचंच होतं. चित्रण घेतलं नाही आणि व्हिडिओत चौथा दिवस दाखवला नाही, एवढंच. पण जिथे पूर्ण हंगामात साल घरातच किंवा यंत्रावर वाळवली असेल, तिथे उन्हातलं एक दृश्य घालून "उन्हात वाळवलेली" असं लिहू नये. माल चांगला असेल, वाक्य खोटं असतं.

साल रसात बुडवण्याचं दृश्य पहिल्या प्रयत्नात संध्याकाळी सातला घेतलं होतं, घरातल्या ट्यूबलाइटखाली. चित्रात आडव्या पट्ट्या सरकत होत्या आणि रस पिवळट तपकिरी दिसत होता. पट्ट्यांचं कारण असं की आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो, दोघांचा मेळ बसत नाही. हे सगळं टाळायचा सोपा मार्ग होता: संध्याकाळचं बुडवणं सोडून सकाळचं उपसणं दाखवणं. सकाळच्या उजेडात हात रसातून साल वर काढतो, रस गळतो, बोटं जांभळी झालेली आहेत. कामाचा टप्पा तोच कळतो आणि दृश्य कितीतरी बोलकं होतं.

या दृश्यात भांडं कुठलं आहे हे लक्ष देऊन निवडावं. पहिल्या व्हिडिओत रस ॲल्युमिनियमच्या पातेल्यात होता. कोकणातल्या एका वयस्कर बाईंनी लगेच विचारलं, "आंबट रस ॲल्युमिनियमात कशाला?" त्यांचं बरोबर होतं. इतका आंबट रस ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड यांना लागू नये. चिनी मातीची बरणी, काच किंवा चांगलं स्टील हवं. व्हिडिओ करताना अशी चूक पकडली जाते ती चांगलीच गोष्ट, फक्त ती आधी घरात पकडली जावी. चित्रणाआधी चौकटीत एकदा बघून घ्यायचं: कोंबडी, कुत्रा, माश्या, चप्पल, खरकटी ताटली, हातातल्या अंगठ्या, नखं. घरच्या माणसाला हे दिसत नाही कारण ते रोजचं आहे. परक्या गिऱ्हाइकाला आधी तेच दिसतं. रोवळी जमिनीवर न ठेवता बाजेवर किंवा पाटावर ठेवली आणि जाळीचं कापड चित्रणापुरतंच बाजूला केलं, तर स्वच्छतेबद्दल एकही शब्द बोलावा लागत नाही.

उरले दोन प्रश्न, जुनं-नवं आणि रंग. यांना उत्तर देणारी दोन दृश्यं या व्हिडिओचा कणा ठरली.

नवं आमसूल मऊ असतं. दोन बोटांत धरून दुमडलं तर वाकतं, सोडलं की हळूहळू उघडतं. जुनं कडक होतं, दुमडताना कडेला चिरतं. हे दुमडणं जवळून, चार सेकंद, न कापता दाखवलं. त्याच वेळी आमसूल हलकेच झटकलं. मिठाचे पांढरे कण पडत नाहीत हे दिसलं आणि मिठाच्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर झालं. अर्धंच, कारण मीठ किती मुरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. ते विचारणाऱ्याला लिहूनच सांगावं लागतं.

रंगासाठी आमसूल पाण्याच्या पेल्यात टाकायचं ठरलं. इथे एक फसगत आहे. पाण्यात आमसूल टाकलं, तांबडा रंग उतरला, हे दृश्य आपल्याला खऱ्या मालाचा पुरावा वाटतं. शहरातल्या ज्या माणसाने रातांबा कधी पाहिलेला नाही, त्याला तेच दृश्य रंग घातल्याचा पुरावा वाटतं. पहिल्यांदा हे दृश्य एकटंच दाखवलं तेव्हा "बघा, रंग सुटतोय" अशी प्रतिक्रिया आली. दुसऱ्या व्हिडिओत त्याच्या आधी रातांबा फोडतानाचं दृश्य होतं. फळ उघडतं, आतला रस बोटांवर येतो, बोटं लाल होतात. हा रंग फळाचा आहे हे आधी बसलं की पेल्यातला रंग आपोआप त्याच्याशी जोडला जातो. म्हणून फळ फोडणं व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांत घेतलं. ते सगळ्यांत रसदारही आहे, त्यामुळे पुढे सरकवणारा अंगठाही तिथेच थांबतो. पेला काचेचा, साधा, मागे फिक्या रंगाची भिंत, पाणी कोमट. थंड पाण्यात रंग उतरायला वेळ लागतो आणि ते दृश्य कंटाळवाणं होतं.

जोडल्यावर व्हिडिओ छत्तीस सेकंदांचा झाला. तीन सेकंद फळ फोडणं. चार सेकंद बिया-गर वेगळा काढून त्यात मूठभर मीठ पडताना. चार सेकंद सकाळी रसातून उपसणं. मग रोवळीतले चार दिवस, आठ सेकंद. दुमडणं चार, पेला पाच. शेवटचे आठ सेकंद वजनकाट्यावर २५० ग्रॅम दाखवणारी पिशवी आणि तिच्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी दोन सेकंद अजिबात न हलता दिसायला हवी, कारण लोक तिथे व्हिडिओ थांबवून वाचतात: पॅक केल्याची तारीख, वजन, अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक.

चित्रण उभं, 1080p, सेकंदाला ३० चित्रं. भिंग आधी सुती कापडाने पुसायचं. स्वयंपाकघरातल्या हाताचा तेलकट ठसा राहिला की सगळं चित्र धुरकट दिसतं, आणि लोक फोन जुना झाला म्हणतात. जोडायला InShot किंवा VN पुरतं. दृश्यांमध्ये फिरकी, चकाकी, पानं उलटल्यासारखे बदल घालू नयेत, सरळ कापावं. रंग सुधारणारा कुठलाही फिल्टर नको. पेल्यातला तांबडा रंग फिल्टरने वाढवला आणि घरी गिऱ्हाइकाच्या सोलकढीला तेवढा आला नाही, तर ती पिशवी पहिली आणि शेवटची.

गाणं काढलं. फळ फुटल्याचा पचकन आवाज, मीठ पडल्याची सरसर आणि रस गळण्याचा आवाज राहू दिला, कमी पातळीवर. त्यावर सुनेचा आवाज नंतर वेगळा घेतला, खोलीची दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला. समोर धरला तर "फ", "भ", "प" बोलताना श्वास आपटतो. छत्तीस सेकंदांत सावकाश बोलायचं तर साठेक शब्द मावतात. मजकूर असा होता:

"हे आमच्या परसातले रातांबे. बी आणि गर वेगळा करून त्यात मीठ. साल दिवसा उन्हात, रात्री याच रसात. असं सात दिवस. रंग आहे तो फळाचा, वेगळा काही नाही. यंदाचं आमसूल असं वाकतं, मोडत नाही. आमच्याकडे यालाच सोलां म्हणतात, सोलकढी ती याचीच. पाव किलोची पिशवी. नंबर आणि भाव पडद्यावर आहे."

यात "शंभर टक्के शुद्ध" नाही, "सर्वोत्तम" नाही. "पित्तावर रामबाण" तर मुद्दाम नाही. घरात आपण आमसुलाचं सार पित्तावर देतो ते ठीक. विक्रीच्या व्हिडिओत खाद्यपदार्थ आजार बरा करतो असं सांगणं कायद्याने चालत नाही. तशीच काळजी जीआयची. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं बोधचिन्ह पिशवीवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद लागते. ती नसताना गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहायला काहीच हरकत नाही, आणि या घराने तेवढंच लिहिलं.

पडद्यावरची अक्षरं जाड आणि मोठी ठेवली, एका वेळी दोन-चार शब्द: "दिवस १", "दिवस ३", "यंदाचं". बारीक अक्षरांत वेलांट्या आणि रफार छोट्या पडद्यावर हरवतात. तळाचा पाचवा भाग मोकळा सोडला, कारण रील्समध्ये तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येऊन बसतो. पहिल्या जोडणीत नंबर तिथेच होता आणि अर्धा झाकला गेला होता.

नंबर आणि भाव संदेशात लिहायचे की व्हिडिओत, यावर घरात बराच खल झाला. व्हिडिओ एका गटातून दुसऱ्या गटात जातो तेव्हा सोबतचा मजकूर बरेचदा मागे राहतो, म्हणून नंबर व्हिडिओतच हवा. भावही आत घातला, कारण हा एकाच हंगामाचा एकच लॉट आहे आणि तो संपेपर्यंत भाव बदलणार नव्हता. "भाव इनबॉक्समध्ये विचारा" म्हटलं की निम्मे लोक विचारतच नाहीत. रोज भाव बदलणाऱ्या भाजीला मात्र हे लागू नाही. टपालखर्च अंतरावर अवलंबून, तो संदेशात. आणि भावाशेजारी महिना व वर्ष ठळक लिहिलं, कारण व्हिडिओ गणपतीपर्यंत फिरत राहतो आणि माल जूनमध्येच संपलेला असतो.

गटावर टाकताना HD पर्याय निवडला. तो न निवडता पाठवलेल्या पहिल्या प्रतीत चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक वाचता येत नव्हता, सुरकुत्याही चिखलासारख्या एकजीव झाल्या होत्या.

या वेळी आलेले प्रश्न वेगळे होते. "काळी कशी" कोणी विचारलं नाही. विचारलं ते असं: "टपालात रस गळत नाही ना?", "किती दिवस टिकतात?", "आगळ पण मिळेल का?" गळण्याचा प्रश्न रास्त आहे, नवं आमसूल ओलसरच असतं. त्यासाठी दोन पिशव्यांत भरून आतली पिशवी सील करतानाचं दहा सेकंदांचं वेगळं चित्रण घेतलं आणि विचारणाऱ्याला तेवढंच पाठवलं. मुख्य व्हिडिओत ते कोंबलं नाही. पॅकिंगचा प्रश्न ज्याला घ्यायचं आहे त्यालाच पडतो, आणि तोवर तो बोलायला आलेला असतो.

हंगाम संपल्यावर कच्ची चित्रणं वर्षाच्या नावाने फोल्डर करून संगणकावर ठेवली. फळ फोडणं, मीठ, उपसणं ही दृश्यं पुढच्या वर्षी परत वापरता येतील असं सुनेला वाटत होतं. सासूबाईंनी रोवळीतले सात दिवस आणि दुमडण्याचं दृश्य दरवर्षी नव्यानेच घ्यायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्यावर "यंदाचं" असं लिहिलेलं असतं.